बुडीत व संशयित

मंगळवारी सकाळी साडेदहाला शाखेचं शटर वर गेलं तेव्हा बाहेर एकवीस माणसं उभी होती. सुकन्याने ती मोजली. एरवी औशाच्या या शाखेत अकरापर्यंत माशीही फिरकत नसे. बाजाराच्या दिवशी आडतीवरून चारदोन माणसं यायची, तेवढीच. आज पायरीवर, पायरीखाली, समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर माणसं होती. बहुतेक सगळी साठीच्या पुढची. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत घडी घातलेली ठेवपावती.

असली रांग सुकन्याने आधी एकदा पाहिली होती, पण तेव्हा ती काउंटरच्या या बाजूला नव्हती. सहा वर्षांपूर्वी गावातल्याच दुसऱ्या एका पतसंस्थेचं शटर खाली आलं, आणि तिच्या वडिलांनी एसटीचं स्टिअरिंग तीस वर्षं धरून जे जमवलं होतं ते त्या शटरमागे गेलं. वडील तीन दिवस तिथे उभे राहिले. ती डबा घेऊन जायची. चौथ्या दिवशी ते घरी आले आणि पुढे मरेपर्यंत त्यांनी कुठल्याही कागदावर सही केली नाही, गॅसच्यासुद्धा.

सगळ्यात पुढे नीलाबाई होती. भाजीचा गाळा चालवणारी, कधी कुणाला दोन रुपये जास्त न देणारी बाई. तिने पावती काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर पंजा दाबून धरला.

"मोडायची हाय."

"कामून, मावशी? मुदत तर फेब्रुवारीला संपते. आता मोडली तर व्याज कापलं जाईल."

"कापा. मुद्दल तरी द्या." नीलाबाईने आवाज खाली आणला. "संस्था बुडीत निघाली म्हणतेत. एक कोट बारा लाख. आन् पोलीसबी येणार हायेत."

"कोण म्हणतं?"

"म्हणतेत कशाला, लिवलंय की तुमच्याच कागदात. गुरुजींनी वाचून दाखवलं काल मठात."

सुकन्याच्या हातातलं पेन थांबलं. तो कागद तिनेच लिहिला होता.

त्याचं असं झालं होतं. संस्था मल्टिस्टेट. मुख्य कार्यालय लातूरला, पण शाखा भालकीला आहेत, बीदरला आहेत, तेलंगणातही एक आहे. म्हणून सभासदांना वर्षाकाठी जाणारं वार्तापत्र इंग्रजीत निघायचं. लेखापरीक्षण कसं झालं, नफा किती, लाभांश किती, सगळं गुळगुळीत कागदावर. आपल्याकडची म्हातारी माणसं त्यात भाकरी बांधून शेतात न्यायची. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत जगदेवी नावाच्या एका सभासद बाई उठल्या आणि थेट अध्यक्षांना म्हणाल्या, "पैसा आमचा, मग त्याचा हिशोब आमाला न कळणाऱ्या भाषेत कामून?" सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, ठराव झाला. या जगदेवी म्हणजे सुकन्याच्या सख्ख्या मावशी. साहजिकच भाषांतराचं काम एम.ए. मराठी असलेल्या सुकन्याकडे आलं. बारा वर्षं पावत्या फाडल्यावर आपल्या डिग्रीचा पहिल्यांदा उपयोग होतोय म्हणून ती खूश होती. असं खूश होऊ नये, हे तिला आता कळत होतं.

तिने भाषांतर चोख केलं होतं. कर्ज थकलं, परत येईल की नाही याची शंका वाटली, तर नफ्यातून काही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी लागते. त्या रकमेला ताळेबंदात जे नाव असतं, तेच तिने लिहिलं: बुडीत व संशयित कर्ज निधी. तो निधी अडुसष्ट लाखांवरून एक कोटी बारा लाखांवर नेला आहे, असंही लिहिलं. खाली लाभांश: संचालक मंडळाची शिफारस आठ टक्के, गेल्या वर्षी दहा. एक अक्षर चुकलं नव्हतं. मुख्य कार्यालयाने शाबासकीही दिली होती.

आणि शेषेराव गुरुजींनी सोमवारच्या आरतीनंतर मठाच्या ओट्यावर, तीसचाळीस म्हाताऱ्यांसमोर, ते खड्या आवाजात वाचलं. निवृत्त मास्तरांचा आवाज, स्पष्ट उच्चार. बुडीत. संशयित. एक कोटी बारा लाख. आता बुडीत म्हणजे काय ते औशाच्या माणसाला वेगळं सांगायला नको, आणि संशयित हा शब्द त्याला माहीत असतो तो पेपरातल्या बातमीतून: संशयिताला अटक. पुढचं कर्ज आणि निधी कुणाच्या कानात शिरलंच नाही. त्यात लाभांश दोन टक्क्यांनी उतरलेला. सुतावरून स्वर्ग गाठायला एवढं सूत पुष्कळ झालं.

सुकन्या उठून आतल्या केबिनकडे गेली.

शाखाधिकारी विरूपाक्ष फोनवर होते. चांगला माणूस, पण घाबरला की टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावायचा. आत्ता स्टेपलर, शाईचा पॅड आणि तीन पेनं एका ओळीत होती.

"हो साहेब. तिजोरीत नऊ लाख आहेत. शाखेच्या ठेवी अकरा कोटी. नाही, दुपारपर्यंत माणसं वाढतील. हो." त्यांनी फोन ठेवला आणि सुकन्याकडे पाहिलं. "अध्यक्ष होते. लातूरहून माणूस रोकड घेऊन निघतोय, पण किती आणणार? म्हणाले, दारावर सूचना लावा. मजकूर सांगितलाय."

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: 'वार्तापत्रात छपाईची चूक झाली आहे. "बुडीत" हा शब्द रद्द समजावा. त्या जागी "राखीव निधी" असे वाचावे.'

सुकन्याने दोनदा वाचलं. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की, बरं झालं. छपाईची चूक. प्रेसवाल्याच्या डोक्यावर गेलं, आपण सुटलो. एवढं हलकं तिला सकाळपासून वाटलं नव्हतं. मग ते हलकेपण टिकलं नाही.

"सर, चूक नाहीये ती."

"मला माहितीये चूक नाहीये."

"राखीव निधी वेगळा असतो. तोही ताळेबंदात आहे, वेगळ्या ओळीवर. आणि पंधरा दिवसांनी सभा आहे. तिथे छापील ताळेबंद वाटणार, त्यात हाच शब्द, हाच आकडा. मग म्हणतील, आधी लपवलं. तेव्हा एकवीस माणसं येणार नाहीत सर, एकवीसशे येतील."

विरूपाक्षांनी स्टेपलर उचलून परत तिथेच ठेवला. "मग काय करू? बाहेर बघ."

बाहेर आता पस्तीस तरी झाली होती. कोणी ओरडत नव्हतं. तेच तिला जास्त भीतीचं वाटलं. तिच्या वडिलांच्या रांगेतही पहिल्या दिवशी कोणी ओरडलं नव्हतं.

"तू लिहिलंयस," विरूपाक्ष म्हणाले. त्यात दोष देणं नव्हतं, नुसता थकवा होता. "तूच सांग त्यांना. मी सांगितलं तर मॅनेजर म्हणून सांगतोय म्हणतील."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी विरूपाक्षांना ठाऊक नव्हती. सुकन्याच्या काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांच्या डब्याखाली, एक अर्ज होता. ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा. नाव तिच्या आईचं, रक्कम चार लाख, आईची सही झालेली, तारखेची जागा कोरी. वडिलांच्या मागे जे उरलं ते हे चार लाख. तीन आठवड्यांपूर्वी भाषांतर करताना लेखापरीक्षकांच्या शेऱ्यातलं एक वाक्य तिने मराठीत आणलं होतं: 'दोन मोठ्या कर्जांची वसुली थकली असून त्यांच्या तारणाचे मूल्य अपुरे वाटते.' वाक्य पूर्ण केलं, पूर्णविराम दिला आणि त्याच दुपारी तिने तो अर्ज भरला. दुधाने तोंड पोळलेलं. म्हणजे रांगेतल्या सगळ्यांच्या आधी, तीन आठवडे आधी, रांगेत ती स्वतः उभी राहिली होती.

आणि आता तिला बाहेर जाऊन सांगायचं होतं, घाबरू नका.

ती बाहेर आली. रांगेच्या मधोमध तिला जगदेवीमावशी दिसल्या. गळ्यात चांदीची करडी, इष्टलिंगाची डबी, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली पावती. त्यांनी सुकन्याकडे पाहून मान हलवली नाही, हसल्या नाहीत. त्यांच्या मागे शेषेराव गुरुजी वार्तापत्राची घडी घालून उभे होते.

"मावशी, तुम्हीपण?"

"मी कुणाच्या सांगण्यावरनं आले न्हाई," जगदेवी म्हणाल्या. "मराठीत द्या म्हणून मीच भांडले. दिलंत, मी वाचलं. आता मला त्याचा अर्थ तू सांग. तू लिवलंस न्हवं?"

"हो."

"मंग सांग. काढू का ठेवू?"

सगळी रांग तिच्याकडे वळली. सुकन्याने काउंटरची कड धरली.

"मावशी, तुम्ही सोयाबीन पेरता, तेव्हा सगळं बी पेरता का?"

"सगळं कसं पेरीन? पाऊस फिरला तर? दुबार पेरायला थोडं ठिवावं लागतंय."

"या कागदातला बुडीत निधी म्हणजे ते दुबारचं बी आहे. बुडालेला पैसा नाही. कुणाचं कर्ज बुडालंच, तर ते भरून काढायला नफ्यातून आधीच बाजूला काढून ठेवलेला पैसा. गेल्या साली अडुसष्ट लाख होता. यंदा चव्वेचाळीस लाखांची भर घातली, एक कोटी बारा झाला. तेवढं बी जास्त बाजूला काढलं म्हणून वाटायला कमी उरलं. दहाचे आठ टक्के त्यामुळे झाले. आणि ते आठ टक्के तुमच्या भागावर, शेअरवर. ठेवीचं व्याज ठरलंय तेच मिळणार, त्याला हात लागलेला नाही."

रांगेत कुजबुज झाली. नीलाबाईचा पंजा पावतीवरून थोडा सैल झाला. "आन् पोलीस?"

"पोलीस कुठून आले? संशयित म्हणजे ज्या कर्जाबद्दल शंका आहे असं कर्ज. माणूस नाही."

कोणीतरी हसलं. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी घडी उलगडली, चष्मा वर केला. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, त्याला अर्धं उत्तर चालत नसतं.

"बाई, एक शंका आहे. दुबारचं बी एकदम एवढं वाढवलं, म्हणजे पेरलेलं कुठेतरी उगवलेलं नाही. बरोबर?"

विरूपाक्ष केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा तिला दिसत होता. नाही म्हण, असं तो चेहरा सांगत होता.

"बरोबर," सुकन्या म्हणाली. "दोन मोठी कर्जं थकलीत. तारण कमी पडेल असं लेखापरीक्षकांनी म्हटलंय. पान तीनवर आहे, मीच लिहिलंय."

"कुणाची?"

"नावं मला सांगता येत नाहीत. कुणाच्याही कर्जाचं असं सांगता येत नाही. सभेत विचारा, वसुलीचं काय केलं ते अध्यक्षांना सांगावं लागेल."

"आणि समजा उद्या संस्थाच अडचणीत आली. बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो म्हणतात. इथे आहे का?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून ती सकाळपासून मनात देवाचं नाव घेत होती. कारण याचं उत्तर एकच होतं आणि ते तिला वडिलांच्या रांगेतून माहीत होतं. कुणीतरी विचारेपर्यंत गप्प राहणं वेगळं आणि विचारल्यावर खोटं बोलणं वेगळं, एवढं तिला कळत होतं.

"नाही गुरुजी," ती शेवटी म्हणाली. "तो विमा बँकांना असतो. पतसंस्थेच्या ठेवीला नसतो."

रांग हलली. हललेली तिला दिसली. मागच्या तिघाचौघांनी पावत्या पिशवीतून बाहेर काढल्या, कुणीतरी पुढे सरकलं, कुणाचा तरी हात काचेवर आपटला. विरूपाक्षांनी डोळे मिटले. संपलं, सुकन्याला वाटलं. एका शब्दाने लावलेली आग आपण दुसऱ्या शब्दाने विझवायला गेलो आणि त्यात तेल ओतलं. आता लातूरहून रोकड येईल, दुपारी संपेल, उद्या भालकीत रांग लागेल, परवा बीदरला. शटर खाली येईल. आणि बाहेर कुणाची तरी पोर डबा घेऊन उभी असेल.

"थांबा की जरा." जगदेवीमावशींनी काचेवरचा तो हात बाजूला केला. मग त्या सुकन्याकडे वळल्या. "त्या बंद पडलेल्या संस्थेत तुझ्या बापानं हाच प्रश्न इचारला होता. मी संगं होते. तितला साहेब काय म्हणला माहीत हाय?"

सुकन्याला माहीत नव्हतं. वडिलांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणला, काका, इमा हाय, बिनघोर जावा." जगदेवी रांगेकडे वळल्या. "हितली पोरगी तोंडावर न्हाई म्हणली. ज्यांना काढायचंय त्यांनी काढा, पैसा तुमचा हाय. म्या माझी पावती परत नेते. सभेला मातर येणार, आन् त्या दोन कर्जांचं इचारल्याबिगर उठणार न्हाई."

त्यानंतर जे झालं ते काही चमत्कार नव्हता. नऊ जणांनी ठेवी मोडल्याच. वीस हजार आणि त्यावरची ठेव रोख देता येत नाही, म्हणून त्यांना चेक दिले, तर त्यांनी चेक उलटसुलट करून पाहिले, खरे आहेत की नाही म्हणून. नीलाबाईने निम्मी मोडली आणि निम्मी ठेवली, भाजीवालीचा हिशोब. बाकीचे हळूहळू घरी गेले. शेषेराव गुरुजींनी जाताना सांगितलं की संध्याकाळी ते मठात तो कागद पुन्हा वाचतील, या वेळी दुबारच्या बियासकट. विरूपाक्षांनी दारावर लावायची ती सूचना फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि लातूरला फोन लावून, आज बऱ्यापैकी निभावलं, असं सांगितलं.

दुपारी शाखा रिकामी झाली तेव्हा जगदेवी अजून शाखेतल्या बाकड्यावर बसून होत्या. त्या उठून काउंटरपाशी आल्या आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली पावती त्यांनी काचेखालून आत सरकवली.

"मावशी, ठेवायची म्हणालात ना?"

"ठेवायचीच हाय. पन घरी नगं. घरी ठेवली की रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई, सारखी काढून बघू वाटतंय. तुझ्यापाशी असू दे. तू हायेस तितं मला घोर न्हाई."

"अहो, अशी ठेवता येत नाही मला."

"सभेपुरती ठेव. तितं माझ्या हातात दे." त्यांनी पदर सावरला आणि त्या निघाल्या. दारात थांबल्या. "तुझ्या आईची पन हितंच हाय न्हवं?"

सुकन्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. "हो," ती म्हणाली. ते खरं होतं. अर्जावर तारीख पडली नव्हती, म्हणून अजून खरं होतं.

"मंग झालं तर," म्हणून मावशी पायऱ्या उतरल्या.

सुकन्याने पावती उलगडली. दोन लाख चाळीस हजार. मावशीने म्हशी विकल्या तेव्हाचे. पावती ठेवायला तिने ड्रॉवर उघडला, शिक्क्यांचा डबा उचलला. खाली अर्ज होता. आईची वाकडी सही. आत्ता तारीख टाकली, तर नऊच्या जागी दहा जण झाले असते, इतकंच. कुणाला कळलंही नसतं. आणि भीती? ती तर जराही कमी झाली नव्हती. ती दोन कर्जं अजून थकलेलीच होती, तारण अजून अपुरंच होतं, विमा अजूनही नव्हता. तिने सकाळी जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं, म्हणून तर तिला भीती वाटत होती.

अर्ज फाडावा असं तिच्या मनात आलं. पण फाडलेला अर्ज उद्या पुन्हा भरता येतो, कुणाला पत्ता न लागता. तिने अर्जावर आडवी रेघ मारली, रेघेवर 'रद्द' लिहिलं, खाली सही केली आणि आजची तारीख टाकली. तारीख वेडीवाकडी पडली. मग ती केबिनमध्ये गेली आणि तो कागद तिने विरूपाक्षांच्या टेबलावर, स्टेपलर आणि पेनांच्या ओळीत, ठेवला.

"फाइलला लावायचाय, सर."

विरूपाक्षांनी नाव वाचलं, रक्कम वाचली, मग आईच्या सहीची जुनी शाई आणि 'रद्द'ची नवी शाई पाहिली. त्यांनी आपल्या टेबलाचा खण उघडला, आतून तसाच एक भरलेला अर्ज काढला, त्यांच्या बायकोच्या नावाचा, आणि सुकन्याकडे हात पुढे केला.

"पेन दे जरा," ते म्हणाले.